पोहून आल्यावर कानाला दडे बसले, तर बड नको

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून ठाण्याला राहते. एप्रिलपासून सोसायटीजवळच्या तलावात पोहायला शिकत आहे. गेल्या शनिवारी पोहून आले तेव्हा उजव्या कानात पाणी गेल्यासारखे वाटले. डोके झटकले, त्या पायावर उड्या मारल्या, काही उपयोग झाला नाही. मग कॉटन बड फिरवला. त्यावर थोडा तपकिरी मळ आला, पण कान होता त्याहून जास्त बंद झाला. आज पाचवा दिवस आहे. दुखत नाही, पण स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि फोन डाव्या कानाला लावावा लागतो. घरून काम असल्यामुळे दिवसाचे सहा-सात तास कानात इअरफोन असतात. सासूबाई लसूण घालून कोमट केलेले तेल घालायला सांगतात, मेडिकलवाला मळ विरघळवणारे थेंब देतो म्हणतो. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर :

नमस्कार. बड आजपासून पूर्ण बंद करा, लसणाचे तेल घालू नका, आणि कान मोकळा होईपर्यंत पोहणे व त्या कानातला इअरफोन दोन्ही थांबवा. थेंब घालता येतील, परंतु ते घालण्यापूर्वी घरच्या घरी दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्या लागतील. त्या कोणत्या, हे कळण्यासाठी तुमच्या कानात शनिवारी नेमके काय घडले असावे ते आधी सांगतो.

कानात शिरलेले पाणी पाच दिवस टिकत नाही. नुसते पाणी अडकले असेल, तर डोके हलवले की आत काहीतरी डुचमळल्यासारखे वाटते, आडवे झाल्यावर किंवा मान कलती केल्यावर ऐकू येण्यात फरक पडतो आणि काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, कान मोकळा होतो. तुमचा कान सलग पाच दिवस एकसारखा बंद आहे आणि स्वतःचा आवाज घुमतो आहे, यावरून नळीत मळाचे बूच बसले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. हा मळ शनिवारी तयार झालेला नाही. तो कित्येक महिने तिथे असणार. तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता, कारण नळीचा बराचसा भाग मळाने भरला तरी एखादी बारीक फट मोकळी असेपर्यंत आवाज पडद्यापर्यंत पोहोचतो आणि ऐकण्यात जाणवण्यासारखी घट होत नाही. मळाचा मोठा हिस्सा म्हणजे कातडीच्या मेलेल्या पेशी असतात. त्या पाणी शोषून फुगतात. पोहताना तलावाचे पाणी आत गेले, मळ फुगला, उरलेली फट बंद झाली आणि तुम्हाला वाटले की पाणी अडकले आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात उन्हाळी सुट्टीत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला असे रुग्ण हमखास येतात, आणि ‘डॉक्टर, कानात पाणी आहे, काढा’ हेच त्यांचे पहिले वाक्य असते.

आता हा मळ साचलाच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या इअरफोनमध्ये आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २.५ सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग कुर्चेचा, म्हणजे लवचीक असतो; त्यात बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच असतात. आतला दोन-तृतीयांश भाग हाडाचा असून त्यावरची कातडी अतिशय पातळ असते, आणि तिथे मळ तयारच होत नाही. म्हणजे निरोगी कानात मळाची जागा दाराशी आहे, पडद्यापाशी नाही. शिवाय या कातडीचा एक विशेष गुण आहे. शरीरावरची बाकीची कातडी जागच्या जागी झडते, पण कानाच्या नळीतली कातडी पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत येते. तिचा वेग जवळपास नखे वाढण्याच्या वेगाइतका असतो. आपण बोलतो, चावतो तेव्हा जबड्याच्या हालचालीने नळीचा बाहेरचा भाग हलतो, मळ सुटा होतो आणि कणाकणाने बाहेर पडतो. बहुतेक लोकांना कान आतून साफ करण्याची गरज आयुष्यभर पडत नाही, ती या व्यवस्थेमुळे.

कानात खोलवर बसणारा, सिलिकॉनची टोपी असलेला इअरफोन नेमका याच वाटेवर बसतो. रोज सहा-सात तास दार बंद राहिले की बाहेर येणारा मळ तिथेच अडतो, आणि प्रत्येक वेळी इअरफोन बसवताना त्यातला थोडा पुन्हा आत ढकलला जातो. त्यातच आपल्याकडची दमट हवा आणि घाम यांमुळे आतली ओल वाढते. ज्यांना रोज श्रवणयंत्र लावावे लागते त्यांच्यात मळाची तक्रार जास्त दिसते, त्याचेही कारण हेच. इअरफोनमुळे प्रत्येकालाच हा त्रास होतो असे मात्र नाही; काहींची नळी मुळात अरुंद असते, काहींचा मळ मुळात कोरडा आणि चिवट असतो, वयानुसारही तो कोरडा होत जातो. जाता जाता एक लहानशी गोष्ट तपासून पाहा. इअरफोनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी उजेडात धरा. तिच्यावर पिवळसर मेणचट थर दिसला, तर मळ नळीच्या तोंडाशी येऊन अडत होता, याचा तो पुरावा समजावा.

बडविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तुमचा कान पाण्याने अर्धा बंद केला आणि बडने पूर्ण बंद केला. कानाच्या नळीचा व्यास साधारण ७ मिलिमीटर असतो आणि बडच्या कापसाच्या टोकाची जाडी त्याच्या निम्म्याहून अधिक असते. हे टोक आत जाते तेव्हा भिंतीलगतचा थोडा मळ कापसाला चिकटून बाहेर येतो आणि कान साफ झाल्याचे समाधान मिळते, पण टोकाच्या समोर असलेला मळ दट्ट्याने दाबावा तसा आत जातो. नळीचा लवचीक भाग संपून हाडाचा भाग सुरू होतो त्या सुमारास नळी किंचित अरुंद होते. त्या चिंचोळ्या जागेपलीकडे एकदा मळ गेला की तो स्वतःहून परत येणे अवघड असते, कारण तिथे त्याला हलवणारी जबड्याची हालचाल पोहोचत नाही. ज्यांच्या कानात पडद्याला टेकलेला मळ दिसतो, त्यांना मी पहिला प्रश्न बडचा विचारतो. मळ तिथे तयार होत नसल्यामुळे बहुतेक वेळा तो कोणीतरी तिथवर नेलेला असतो.

इजेचा धोका वेगळा. हाडाच्या भागातली कातडी इतकी पातळ असते की कापसाच्या घासण्यानेही ती सोलवटते, आणि मळाचा आम्लधर्मी, पाणी न धरणारा थर निघून गेल्यावर तीच जागा जंतूंना आणि बुरशीला मोकळी होते. मग खाज सुटते, खाज सुटली म्हणून माणूस पुन्हा बड फिरवतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. पडद्याला भोक पडण्याचे प्रसंगही नेहमी एकाच तऱ्हेने घडतात. माणूस आरशासमोर बड फिरवत असतो आणि मागून लहान मूल येऊन कोपराला धडकते, दार उघडते, किंवा फोन वाजल्यावर बड कानातच ठेवून तो फोन उचलायला जातो. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार १९९० ते २०१० या काळात तिथे बडमुळे कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुले तातडीच्या विभागात आणावी लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती इजा कान साफ करतानाच झाली होती. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची काडी असलेल्या बडवर बंदी आहे, त्यामुळे आता दुकानांत कागदाच्या किंवा बांबूच्या काडीचे बड मिळतात. ती बंदी प्लास्टिकच्या कचऱ्यासाठी आहे. कानाच्या दृष्टीने काडी कशाचीही असली तरी धोका तोच, आणि बांबूची काडी तर अधिक ताठ असते. कानकोरणे, केसातली पिन, काडेपेटीची काडी, स्कूटरची किल्ली आणि अलीकडे ऑनलाइन मिळणारी कॅमेऱ्याची कोरणी यांनाही हे सर्व लागू आहे. कॅमेऱ्यात मळ दिसतो, पण टोक पडद्यापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज सपाट चित्रावरून येत नाही.

आता थेंबांकडे वळण्याआधीची तपासणी. पहिली गोष्ट अशी, की कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला जो लहानसा कडक उंचवटा असतो, तो बोटाने दाबा आणि मग कानाचा वरचा भाग धरून हलकेच वर-मागे ओढा. यांपैकी कशानेही कळ आली, तर नळीच्या कातडीला संसर्ग झाला असण्याचा संभव आहे. पोहणाऱ्यांत तो पुष्कळ आढळतो, त्याचे औषध वेगळे असते आणि मळाच्या थेंबांनी तो चिघळू शकतो. सतत खाज असेल आणि पांढरट किंवा काळे ठिपके असलेला ओला स्राव येत असेल, तर बुरशीचा विचार करावा लागतो. कोकण, मुंबई, ठाणे या दमट पट्ट्यात पावसाळ्यात ती वरचेवर दिसते. दोन्ही परिस्थितींत थेंब न घालता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. शांत खोलीत बसा, ओठ मिटा आणि घशातून ‘म्’ असा लांब, एकसुरी हुंकार काढा. तो आवाज कोणत्या कानात जास्त ऐकू येतो ते लक्षपूर्वक पाहा. मळाने नळी बंद झाली असेल, तर बाहेरचे आवाज त्या कानात कमी येतात, पण स्वतःचा हुंकार हाडांतून आत जातो आणि बंद कानातच अधिक घुमतो. तुम्हाला उजव्या कानात आवाज घुमतो आहे, म्हणून मला मळाची शक्यता अधिक वाटते. याउलट कान बंद वाटतो आहे, पण हुंकार चांगल्या कानाकडे जास्त जातो, असे झाले तर बिघाड नळीत नसून आतल्या कानात किंवा श्रवणाच्या नसेत असू शकतो. अशा वेळी अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच स्टिरॉइडचे उपचार सुरू करावे लागतात, आणि ‘मळ असेल, थेंब घालून पाहू’ म्हणत दोन-तीन आठवडे घालवले तर गेलेले श्रवण परत मिळण्याची संधी हुकते. आम्ही दवाखान्यात हीच गोष्ट कंपन करणारा चिमटा कपाळावर ठेवून पाहतो. घरचा हुंकार त्याची जागा घेऊ शकत नाही, पण कोणी दवाखान्यात त्याच दिवशी जावे आणि कोणी थेंब घालून वाट पाहिली तरी चालेल, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. तुमचा हुंकार डाव्या कानात जास्त येत असेल, तर हे वाचून होताच वेळ घ्या.

तिसरी गोष्ट तुमच्या जुन्या इतिहासाची आहे. लहानपणी कान फुटत होता का, कधी पडद्याला भोक असल्याचे सांगितले होते का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, पडद्यात नळी बसवली होती का, शनिवारी उडी मारताना किंवा बड फिरवताना अचानक तीव्र कळ येऊन रक्त किंवा पाणी आले होते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर कोणतेही थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत, कारण पडद्यातून ते मधल्या कानात उतरतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि ज्यांना एकाच कानाने ऐकू येते त्यांनीही घरगुती उपचाराच्या वाटेला न जाता थेट तपासणी करून घ्यावी. मधुमेहात नळीचा साधा दिसणारा संसर्गही कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.

या तिन्ही तपासण्यांत अडचणीचे काही निघाले नाही, तर थेंब घालायला हरकत नाही. या थेंबांचे काम मळ मऊ करणे एवढेच असते. काही वेळा मऊ झालेला मळ आपोआप बाहेर येतो, परंतु बऱ्याचदा तो नंतर काढावाच लागतो. केवळ थेंबांनी कान पूर्ण मोकळा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. मळ काढणे सोपे आणि न दुखणारे व्हावे, यासाठीची ती तयारी आहे. कोणते थेंब चांगले, या प्रश्नावर पुष्कळ वाद होतो. या विषयावरच्या सर्व विश्वासार्ह चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा काहीच न घालण्यापेक्षा काहीतरी घालणे बरे, इतके दिसले. पण एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. साधे पाणी किंवा निर्जंतुक मिठाचे पाणी यांच्यापेक्षाही औषधी थेंब वरचढ ठरले नाहीत. म्हणून मी परिणामापेक्षा सुरक्षितता पाहून निवड करतो.

माझी पहिली पसंती सोडा ग्लिसरीनला असते. यात सुमारे ५ टक्के खाण्याचा सोडा, ग्लिसरीन आणि पाणी असते. हे साधे, स्वस्त मिश्रण रुग्णालयांतून वर्षानुवर्षे दिले जात आहे. ते तयार करून देणारा औषधविक्रेता जवळपास नसेल, तर ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक सलाइनही चालते. स्वयंपाकघरातला सोडा ग्लिसरीनमध्ये कालवून घरी हे बनवू नका, कारण त्याचे प्रमाणही साधत नाही आणि ते निर्जंतुकही राहत नाही. तुमचा मेडिकलवाला जे थेंब देऊ पाहतो आहे, त्यांत बहुधा पॅराडायक्लोरोबेंझीन, टर्पेंटाइन तेल, क्लोरब्युटॉल आणि बेंझोकेन हे चार घटक असतील. आपल्याकडे मळाच्या थेंबांच्या बऱ्याच बाटल्यांवर हीच चार नावे वाचायला मिळतात. ते वर्ज्य नाहीत, पण नाजूक कातडीवर त्यांनी आग होऊ शकते, आणि त्यातले बेंझोकेन जागा बधिर करत असल्यामुळे काही बिघडत असले तरी दुखणे उशिरा कळते. ते वापरायचे असतील तर डॉक्टरांना विचारून वापरा. घरात मागच्या आजारपणातली प्रतिजैविकाची किंवा स्टिरॉइडची अर्धी बाटली असेल, तर तिचा या कामी काहीही उपयोग नाही, आणि तिच्यामुळे बुरशी मात्र वाढू शकते.

सासूबाईंच्या तेलाबद्दल त्यांना दुखावेल असे काही बोलण्याची गरज नाही, कारण तेलाने मळ मऊ होतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. ब्रिटनमध्ये ऑलिव्ह किंवा बदामाचे तेल मळासाठी डॉक्टरही सुचवतात. अडचण आहे ती लसणाची आणि तापवण्याची. लसणाच्या रसाने कातडी भाजते, कढईतले तेल बाहेरून कोमट वाटले तरी नळीतल्या पातळ कातडीला पोळण्याइतके गरम असू शकते, आणि लसणाचा बारीक तुकडा तेलाबरोबर आत गेला की तो काढण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागतो. शिवाय आपल्या दमट हवेत आधीच बुरशी असलेल्या कानात तेल घातले, तर आतली ओल आणि चिकटपणा टिकून राहतो. म्हणून तुमच्या कानासाठी मी तेल निवडणार नाही.

थेंब घालण्याची पद्धत नीट सांभाळा, कारण बहुतेकांचे थेंब आत पोहोचतच नाहीत. बाटली आधी मुठीत चार-पाच मिनिटे धरा, म्हणजे द्रव शरीराइतका उबदार होईल. थंड थेंब पडले की आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग चाळवतो आणि खोली गरगर फिरू लागते. ही चक्कर मिनिटभरात थांबते, पण माणूस घाबरून जातो. बाटली गरम पाण्यात मात्र बुडवू नका. डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे उजवा कान वर येईल. दुसऱ्या कोणाला थेंब घालायला सांगणे सोयीचे असते. त्या व्यक्तीने कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढावा. त्यामुळे नळीचा बाक सरळ होतो. मग बाटलीचे टोक कानाला न लावता चार-पाच थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्यावेत. सरळ मध्यभागी टाकले तर आत हवा कोंडते आणि द्रव वरच तरंगत राहतो. यानंतर तोच कडक उंचवटा हलकेच आठ-दहा वेळा दाबावा आणि सोडावा. असे केल्याने हवेचे बुडबुडे वर येतात आणि थेंब मळापर्यंत उतरतात; ते उतरताना तुम्हाला बारीक बुडबुड आवाज ऐकू येईल. पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहा, मग उठून कानाखाली रुमाल धरा आणि बाहेर येईल तेवढे येऊ द्या. कानात कापूस कोंबू नका, तो थेंब शोषून घेतो.

दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस असे करा. सोडा ग्लिसरीन त्याहून जास्त दिवस घातले तर नळीची कातडी कोरडी पडून खाज सुटते. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी कान आधीपेक्षा जास्त बंद वाटेल, ऐकू येणे आणखी कमी होईल, आणि याच टप्प्यावर लोक घाबरून पुन्हा बड उचलतात. तो मळ पाणी पिऊन फुगल्याचा परिणाम आहे, हे आधीच लक्षात असू द्या. आंघोळीच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपकिरी, चिकट तुकडे नळीच्या तोंडाशी आलेले दिसले, तर ते ओल्या फडक्याच्या टोकाने, करंगळी जाईल तेवढ्याच भागातून, पुसून घ्या. याउलट थेंबांनी आग झाली, कळ आली, थेंब घालताच ते घशात उतरल्याची चव लागली, स्राव किंवा रक्त आले, किंवा चक्कर थांबेना, तर थेंब त्याच क्षणी बंद करा. घशात चव येणे म्हणजे पडद्याला भोक असण्याची खूण समजतात.

पाचव्या दिवसानंतरही कान बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सुई काढलेल्या सिरिंजने घरी पाणी मारू नका. आमच्याकडे हेच काम करताना आधी पडदा शाबूत असल्याची खात्री केली जाते, पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते, आणि धार पडद्यावर न मारता नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर सोडली जाते, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलते. दुसरी पद्धत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने मळ ओढून घेण्याची. तिच्यात पाणी लागत नाही, म्हणून पडद्याला भोक असलेल्यांना, शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि मधुमेहींना ती अधिक योग्य ठरते. यंत्राचा आवाज कानात खूप मोठा वाटतो आणि एखाद-दोन क्षण गरगरल्यासारखे होते, परंतु मळ आधी मऊ केलेला असेल तर बहुधा काही मिनिटांतच काम होते आणि दुखत नाही. तुम्ही थेंब घालून गेलात, तर डॉक्टरांना कोणते थेंब, किती दिवस घातले ते सांगा. मळ निघाल्यावर ‘ऐकू येते का?’ एवढ्यावर न थांबता त्यांना पडदा पूर्ण दिसला का, हे विचारा. मळ काढूनही ऐकू येणे पूर्ववत झाले नाही, तर श्रवणचाचणी करून घ्यायला हवी.

कान मोकळा झाल्यावर एक-दोन दिवस थांबून पोहायला जाऊ शकता. बाहेर आल्यावर मान उजवीकडे कलती करून कानाचा वरचा भाग हलकेच वर-मागे ओढा, म्हणजे पाणी उतरेल. मग टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरून टिपून घ्या. ओल राहिलीच असे वाटले, तर केस वाळवायचे यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर लांबून अर्धा मिनिट फिरवले तरी पुरते. कामासाठी कानावर बसणारा हेडफोन घेणे तुम्हाला अधिक सोयीचे जाईल, कारण नळी त्याने बंद होत नाही. खोल बसणाराच इअरफोन वापरायचा असेल, तर दर तासा-दीड तासाने तो काढून कान थोडा वेळ मोकळा ठेवा आणि त्याची सिलिकॉनची टोपी दर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. ज्यांच्या कानात मळ वारंवार साचतो, त्यांनी पोहण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्चच्या सुमारास, एकदा कान तपासून घ्यावेत. तुमच्या बाबतीत असे पुन्हा घडले, तर पुढच्या वर्षी तुम्हीही तसे करावे.